आखूड मानेला कोणता गळा?

ब्लाउज शिवायला टाकताना टेलर विचारतो, "पुढचा गळा किती?" आपण मापाचं जुनं ब्लाउज त्याच्यापुढे सरकवतो. जुन्याचा गळा साडेपाच इंच गोल असेल तर नवाही साडेपाच इंच गोलच होतो. ज्यांची मान आखूड किंवा चेहरा रुंद आहे, त्यांचं इथेच बिनसतं. शिवणारा मापात चुकत नाही. मापच त्यांच्यासाठी घेतलेलं नसतं.

समोरून बघणाऱ्याला मान कुठे संपते हे नेमकं कळत नाही. हनुवटीपासून कापडाच्या काठापर्यंत जेवढी उघडी त्वचा दिसते, तेवढी मान त्याला वाटते. म्हणून काठ खाली उतरला की मान लांब भासते आणि गळपट्टीशी आला की ती नाहीशी होते. रुंद चेहऱ्याचं गणित निराळं आहे. गोल चेहऱ्याखाली तसाच गोल काठ आला की चेहऱ्याची गोलाई दुप्पट जाणवते. पानगळा, व्ही किंवा खोल चौकोनी गळा ती मोडतो. बोटनेकची गंमत अशी की त्याने खांदे रुंद दिसतात, त्यामुळे शेजारी चेहरा लहान भासतो. लांब मानेच्या बाईने तो खुशाल शिवावा. मान आखूड असेल तर मात्र तो हनुवटीखाली आडवी रेघ ओढतो आणि उरलीसुरली मानही खातो.

माझ्या मावसबहिणीचा चेहरा रुंद आणि मान आखूड. मुलाच्या मुंजीसाठी पैठणीवरचं ब्लाउज शिवताना तिचा साडेपाच इंच गोल गळा आम्ही सात इंच पानगळा केला. गळा खोल केला, पण रुंदी फारशी वाढवली नाही. खांद्यावर अडीच इंच कापड ठेवलं, कारण मागचा गळाही मोठा होता. पुढचा-मागचा दोन्ही गळे खोल आणि वर रुंदही असले, की ब्लाउज दिवसभर खांद्यावरून घसरत राहतं आणि मग मागे दोरी लावावी लागते. कापड कापण्याआधी तिने ओढणी त्याच आकारात गळ्याशी टाचून पाहिली, पाटावर बसून पुढे वाकूनही पाहिली. मुंजीत वाकायचं तर असतंच! सात इंच सगळ्यांना चालतील असं नाही. तुमची खोली या वाकण्यातच ठरते.

व्ही आणि पानगळ्याची एक खोड आहे. त्यांचा काठ कापडात तिरका कापला जातो आणि तिरकं कापड ताणतं. शिवताना जरा ओढलं गेलं की गळा छातीपाशी फुगून उभा राहतो. आतून उभ्या धाग्याची अरुंद पट्टी किंवा कॅनव्हास लावायला सांगावं. ट्रायलला उभं राहून पाहिलं तर हा दोष लपतो, हात पुढे घेतले की दिसतो.

कुर्त्याला स्टँड कॉलर आवडत असेल तर ती पाऊण इंचाची करून घ्यावी आणि पुढची पट्टी पाच-सहा इंच उघडी ठेवावी. शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवली की आपोआप व्ही तयार होतो. हे पुरुषांनाही लागू आहे: लग्नात बंदगळा घालून मान हरवलेले कितीतरी काका दिसतात. त्यांनी जॅकेटची कॉलर इंचभराचीच ठेवायला सांगावी.

दागिन्यांतही नियम तोच. चिंचपेटी मानेलाच चिकटून बसते, म्हणून आखूड मानेवर ती मला पटत नाही. तुशीचं मात्र जमतं. तिला मागे गोंड्याची दोरी असते. ती सैल सोडली की तुशी गळपट्टीच्या हाडावर उतरते. सोबत मोहनमाळ घातली की नजर खाली जाते.

कानातल्यांसाठी पट्टी घेऊन कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजा. बहिणीचं साडेतीन इंच भरलं. अडीच इंचांचे झुमके घातले तर खाली उरतो एकच इंच, आणि मान हलली की ते खांद्याला टेकतात. अर्ध्याहून जास्त जागा मोकळी राहील इतपतच लांबी घ्यावी. तिच्यासाठी दीड इंच. झुमक्याचा घेर नेमका जबड्याच्या कोपऱ्याशी येत असेल तर चेहरा तिथेच सर्वांत रुंद दिसतो, म्हणून निमुळते लोलक बरे. तिने शेवटी मोत्यांच्या कुड्या घातल्या आणि त्यांना वेल लावले. कुड्या पाळीवरच बसतात, खाली काही लोंबत नाही. वेल कानापासून वर केसांत जातात, त्यामुळे नजरही वर जाते. कुड्या जड असतील तर वेलांनी पाळीवरचा भारही हलका होतो.