जुने गुण, ताजं मानांकन

जिल्हा बॅडमिंटन स्पर्धेत दोन सर्वांत तगड्या मुली पहिल्याच फेरीत समोरासमोर आल्या की पालक ड्रॉ काढणाऱ्यावर चिडतात. पण हे टाळायचं काम चिठ्ठ्यांचं नाही, मानांकनाचं आहे. ३२ जणींच्या ड्रॉमध्ये साधारणपणे ८ जणींना मानांकन मिळतं. पहिली मानांकित सर्वांत वर आणि दुसरी सर्वांत खाली, म्हणजे त्या दोघींची गाठ पडलीच तर अंतिम सामन्यातच. आता या ८ जणी ठरवायच्या कशा?

नाशिकसारखा मोठा जिल्हा घेऊ आणि तिथं सतरा वर्षांखालील मुलींसाठी वर्षाला ८ स्पर्धा होतात असं समजू. विजेतीला १०० गुण, उपविजेतीला ७०, उपांत्य फेरीत हरलेलीला ५०, उपांत्यपूर्व फेरीत हरलेलीला ३० आणि त्याआधीच्या फेरीत हरलेलीला १५. शहरात राहणारी एक मुलगी आठही स्पर्धा खेळते. तिचे गुण : एकदा ५०, पाचदा ३०, दोनदा १५. एकूण २३०. सुरगाण्याची दुसरी मुलगी प्रवासखर्चामुळे तीनच स्पर्धा खेळू शकते. त्यात ती एकदा जिंकते, एकदा उपविजेती होते, एकदा उपांत्यपूर्व फेरीत हरते. तिचे २०० होतात. सगळे गुण नुसते मिळवले तर जी कधीच अंतिम फेरीत पोहोचली नाही ती वर राहते.

म्हणून फक्त सर्वोत्तम निकाल धरायचे. जागतिक क्रमवारीत ५२ आठवड्यांतले सर्वोत्तम १० निकाल मोजले जातात. आपल्या ८ स्पर्धांसाठी ४ पुरेत. मग शहरातल्या मुलीचे १४० होतात आणि सुरगाण्याच्या मुलीचे २०० तसेच राहतात. दहावीची परीक्षा किंवा मुरगळलेला घोटा यामुळे एखाददुसरी स्पर्धा हुकली तरी नुकसान होत नाही. काही जण याऐवजी सरासरी काढायला सुचवतात, पण ते मला अजिबात पटत नाही. सरासरी जपण्यासाठी मुली खेळायचंच टाळतात, कारण एक वाईट निकाल आधीची कमाई खाली ओढतो. सर्वोत्तम चारच्या पद्धतीत जास्त खेळल्यानं कधीच तोटा होत नाही.

दुसरा प्रश्न जुन्या गुणांचा. या वयात वर्षभरात मुलीची उंची, ताकद, खेळ सगळंच बदलतं. जागतिक क्रमवारीत निकाल ५२ आठवडे पूर्ण किमतीचा राहतो आणि मग एकदम शून्य होतो. जिल्ह्यात एका स्पर्धेची तारीख हॉल न मिळाल्यानं तीन आठवडे पुढं गेली, तरी गेल्या वर्षीच्या विजेतीचे १०० गुण नवी स्पर्धा होण्याआधीच उडतात आणि मधल्या स्पर्धेत तिला मानांकन मिळत नाही. त्यापेक्षा पहिले सहा महिने पूर्ण, पुढचे सहा महिने निम्मे आणि मग शून्य, असा उतार बरा. दर महिन्याला थोडे थोडे गुण कमी करणं जास्त काटेकोर ठरेल, पण सूचनाफलकापुढं उभ्या असलेल्या आईला किंवा वडिलांना कागदावर पडताळता येईल असा हिशेब मला मोलाचा वाटतो.

डिसेंबरची यादी काढून पाहू. सुरगाण्याच्या मुलीचं विजेतेपद जानेवारीतलं, म्हणून १०० चे ५०. उपविजेतेपद एप्रिलमधलं, ७० चे ३५. ऑक्टोबरमधले ३० पूर्ण. एकूण ११५. शहरातल्या मुलीचे चारही धरलेले निकाल जुलैनंतरचे, म्हणून १४० कायम. आता ती पुढं आहे, आणि डिसेंबरच्या ड्रॉसाठी ते योग्यच आहे.

खरी गफलत होते ती हिशेबाच्या क्रमात. समजा तिसऱ्या मुलीला जानेवारीत उपविजेतेपदाचे ७० मिळाले आणि जुलैनंतर चार वेळा ५०. आधी मूळ आकड्यांवरून चार निकाल निवडले तर ७०, ५०, ५०, ५० येतात. मग जुन्या ७० चे ३५ होतात आणि बेरीज १८५ भरते. जानेवारीत ती खेळलीच नसती तर २०० झाले असते! म्हणजे उपविजेतेपदाची तिला शिक्षा मिळाली. आधी घट लावायची आणि नंतर चार निवडायचे, म्हणजे ७० चे झालेले ३५ आपोआप मागं पडतात आणि २०० येतात. एक्सेलमध्ये यादी ठेवणाऱ्यांकडून ही चूक सहज होते. ओळखायची खूण सोपी : कोणाचाही एक जुना निकाल पुसून पाहावा, बेरीज वाढली तर सूत्र चुकलं आहे.

लांबच्या दुखापतीवर या पद्धतीत आपोआप तोडगा नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे जागतिक क्रमवारी गोठवावी लागली होती. जिल्ह्यातही डॉक्टरांचा दाखला पाहून एखादीची घट काही महिने थांबवता येईल, मात्र तो नियम हंगामाआधी लिहून ठेवायला हवा. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या चांगल्या मुलीकडे तर एकही गुण नसतो, आणि ती पहिल्याच फेरीत अव्वल मानांकितेसमोर येऊ शकते. तिच्यासाठी आठवं मानांकन निवड समितीच्या हाती ठेवावं, पण तिच्या पहिल्या स्पर्धेपुरतंच.