फोनवर ‘Bin’, लॅपटॉपवर ‘Trash’

नवा फोन हाती आला की बरेच जण पहिल्याच दिवशी त्याची भाषा मराठी करतात. फोनवरचं जीमेल मराठीत दिसू लागतं. तेच खातं संध्याकाळी लॅपटॉपवर उघडलं तर सगळं इंग्रजीत. भाषा बदलली ती गेली कुठे, असं वाटणं साहजिक आहे. ती कुठेही गेलेली नसते. फोनची भाषा फोनपुरतीच असते आणि खात्याची भाषा निराळ्या जागी, गूगलच्या सर्व्हरवर खात्यासोबत साठवलेली असते. एकीला हात लावला म्हणून दुसरी हलत नाही.

कुठे कोणती भाषा चालते याचा ठोकताळा सोपा आहे. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान खात्याची भाषा पाहतं आणि फोनवरचं ॲप फोनची. गूगल खात्यात भाषा निवडायची जागा myaccount.google.com/language या पत्त्यावर आहे आणि तो पर्याय ‘General preferences for the web’ या मथळ्याखाली येतो. म्हणजे हे वेबसाठी आहे हे तिथेच लिहिलेलं असतं, फक्त तो मथळा कुणी वाचत नाही. त्यात एक अपवाद मात्र आहे. २०१९ साली आलेल्या आयओएस १३ पासून आयफोनवर आणि २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठरवता येते. फोन मराठीत असूनही एखादं ॲप हट्टाने इंग्रजीत उघडत असेल तर आधी तिथे पाहावं.

हा फरक मराठी-इंग्रजीपुरताच आहे असं नाही. दोन इंग्रजींमध्येही तो दिसतो आणि आपल्याकडे गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. जीमेलमध्ये पुसलेली पत्रं ज्या कप्प्यात जातात त्याचं नाव अमेरिकन इंग्रजीत ‘Trash’, तर ब्रिटिश इंग्रजीत ‘Bin’. आपल्याकडच्या फोनवर बहुधा ब्रिटिश वळणाची इंग्रजी असते आणि खातं मात्र कधीकाळी अमेरिकन इंग्रजीत उघडलेलं असतं. मग मुलगा फोनवरून सांगतो, ‘आई, ट्रॅशमध्ये बघ,’ आणि आईच्या फोनवर ट्रॅश नावाचं काही नसतंच. कप्पा एकच आहे, पाटी दोन तऱ्हेची आहे. याचा पुरावा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत मिळतो. तो कप्पा उघडला की पत्त्याच्या शेवटी #trash असतं, वरची पाटी कोणत्याही भाषेतली असो. शोधपेटीतही in:trash, in:sent, in:anywhere या आज्ञा भाषा बदलल्यावर तशाच चालतात. फोनवर कुणाला एखादी जागा सांगायची असेल तर पाटीपेक्षा ही आज्ञा सांगावी, चुकामूक होत नाही. तुम्ही स्वतः केलेली ‘घरपट्टी’, ‘शाळा’ अशी लेबलं मात्र जशी टाइप केली तशीच राहतात. भाषा बदलल्यावर गूगल फक्त आपली, म्हणजे मुळात असलेली, लेबलं बदलतं.

खरी अडचण येते ती थंडरबर्डसारखा वेगळा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना. असे प्रोग्रॅम आयमॅप या पद्धतीने सर्व्हरला विचारतात, तुमच्याकडे कोणकोणते कप्पे आहेत? तेव्हा जीमेल खात्याच्या भाषेतली नावं पाठवतं. खातं ब्रिटिश इंग्रजीत असेल तर उत्तरातली एक ओळ अशी येते:

```
* LIST (\HasNoChildren \Trash) "/" "[Gmail]/Bin"
```

शेवटचं ‘[Gmail]/Bin’ हे माणसांसाठीचं नाव. कंसातली \Trash ही प्रोग्रॅमसाठीची खूण आणि ती भाषेनुसार बदलत नाही. या खुणांचं प्रमाण आरएफसी ६१५४ या दस्तऐवजात २०११ साली ठरलं. खूण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला भाषाबदल जाणवतही नाही. पण जुना प्रोग्रॅम, किंवा कुणी हाताने ‘[Gmail]/Trash’ लिहून ठेवलेली सेटिंग, नावावरच विसंबते. खात्याची भाषा बदलली की त्या नावाचा कप्पा सापडत नाही. मग काही प्रोग्रॅम गुपचूप त्याच नावाचा नवा कप्पा करतात. जीमेलच्या लेखी ते नुसतं लेबल असतं, त्यामुळे खऱ्या ट्रॅशमधली पत्रं ३० दिवसांनी आपोआप नाहीशी होतात तशी इथली होत नाहीत. पत्रं पुसूनही जागा भरतच राहिली आणि यादीत एकाच अर्थाचे दोन कप्पे दिसू लागले, की कारण हेच असण्याचा संभव फार. उपाय म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये पुसलेल्या पत्रांचा कप्पा नव्याने निवडणे.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-मेलची रीत याहून वेगळी आहे आणि परदेशी गेलेल्या मराठी मंडळींना ती हमखास भेटते. तिथे मूळ कप्प्यांची नावं सर्व्हरवरच्या पेटीत लिहिलेली असतात आणि ती ठरतात पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हाच्या भाषेवरून. म्युनिकमधल्या कंपनीत रुजू झालेल्या पुण्याच्या इंजिनिअरचा लॅपटॉप इंग्रजीत, आउटलुकही इंग्रजीत, पण पेटी जर्मनमध्ये सुरू झालेली. मग सगळी बटणं इंग्रजीत आणि कप्पे मात्र ‘Posteingang’, ‘Gesendete Elemente’. अशा वेळी लॅपटॉपची भाषा कितीही बदलली तरी नावं बदलत नाहीत, कारण ती लॅपटॉपवर नसतातच. वेबवरच्या आउटलुकमध्ये भाषा निवडताना खाली एक चौकोन असतो, कप्प्यांची नावंही या भाषेत करायची का, असं विचारणारा. त्यावर खूण न करता पुढे गेलं की भाषा बदलते आणि कप्पे जुन्याच नावांनी राहतात. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये हेच काम outlook.exe /resetfoldernames या आज्ञेने होतं.

गूगलवरचा शोध मात्र नुसत्या पाट्यांवर थांबत नाही. तिथे भाषेमुळे निकालांचा क्रमही हलतो. देवनागरीत ‘कविता’ एवढाच शब्द टाकला तर तो मराठी की हिंदी हे शब्दावरून कळणं शक्यच नाही. मग खात्यातल्या भाषा, पानाची भाषा आणि तुम्ही कुठे आहात, यांवरून अंदाज बांधला जातो. म्हणून एकाच घरात दोघांना वेगळी यादी दिसते. ‘मराठी कविता’ लिहिलं की अंदाजाची गरज उरत नाही, सेटिंगमध्ये शिरण्यापेक्षा हा जास्त भरवशाचा उपाय. देशाचं म्हणाल तर google.co.in टाइप केल्याने फरक पडत नाही. २०१७ पासून गूगल पत्त्यावरून नव्हे, तर तुमच्या ठिकाणावरून देश धरतं. दुबईत बसून भारताचा पत्ता टाकला तरी निकाल तिथले येतात.

कोणती भाषा आड येते आहे हे तपासायचं तर ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडावी आणि तिथे लॉगिन न करता google.com वर जावं. आता खातं मध्ये नाही, तेव्हा पान ब्राउझरने कळवलेल्या भाषेवर चालतं. नेहमीच्या खिडकीत पान मराठीत आणि इथे इंग्रजीत दिसलं, तर मराठी तुमच्या खात्यातून किंवा त्या ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या निवडीतून येते आहे. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर ब्राउझरची भाषा पाहावी, क्रोममध्ये ती chrome://settings/languages इथे असते. भारतात गूगलच्या पहिल्या पानावर शोधपेटीखाली हिंदी, बंगाली, मराठी अशा भाषांची ओळ असते. तिच्यावर चुकून बोट पडलं तरी पानाची भाषा बदलते, आणि घरातला संगणक ‘आपोआप’ तमिळमध्ये गेल्याची तक्रार आली तर आधी ही शंका घ्यावी. त्याच ओळीतून परतही येता येतं.