पुरवठादार नोंदणीचा अर्ज आणि एकट्याचा व्यवसाय

बेंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे घरून काम करणारी एक अनुवादक आहे, असे समजू. पुण्याजवळील यंत्रसामग्री बनविणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने तिला आपल्या हस्तपुस्तिकांचा मराठी अनुवाद करावयास सांगितले. मोबदला ८०,००० रुपये ठरला आणि पाठोपाठ सहा पानांचा पुरवठादार नोंदणी अर्ज आला. त्यात संचालकांची नावे, कंपनी नोंदणी क्रमांक, कारखाना परवाना, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद अशी सर्व माहिती मागितलेली होती. सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यासाठी तयार केलेला हा अर्ज एकट्या व्यावसायिकाला तसाच पाठविला जातो. जे लागू नाही तेथे 'लागू नाही' असे लिहिणेच योग्य. रकाना रिकामा सोडल्यास अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. व्यवसायाच्या स्वरूपापुढे 'एकल मालकी' लिहावे. पॅनवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव मात्र अक्षरशः एकच हवे. कारण अनेक कंपन्या खात्यात एक रुपया पाठवून नाव पडताळतात आणि व्यवसायाचे वेगळे नाव लिहिले असेल तर पुढची प्रक्रिया तेथेच थांबते.

खरी अडचण वस्तू व सेवा कर क्रमांकाच्या रकान्यात येते. कर्नाटकात केवळ सेवा देणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत ही नोंदणी सक्तीची नाही. ग्राहक दुसऱ्या राज्यात असला की नोंदणी करावीच लागते, हा समज अजूनही आढळतो. परंतु ऑक्टोबर २०१७ मधील अधिसूचनेने आंतरराज्य सेवांनाही हीच मर्यादा लागू केली. मात्र उलाढाल मोजताना त्याच पॅनवरील करमुक्त पुरवठाही, उदाहरणार्थ राहत्या घराचे भाडे, मिळवावा लागतो. म्हणून या अनुवादकाने अर्जात 'अनोंदणीकृत' असा पर्याय निवडून, उलाढाल मर्यादेच्या आत असल्याचे स्वाक्षरीचे घोषणापत्र जोडावे. संगणकीय अर्जात क्रमांकाशिवाय पुढे जाता येत नसेल तर खरेदी विभागाला लेखी कळवावे. दुसऱ्याचा क्रमांक घालणे, किंवा नोंदणी नसताना देयकात कर लावणे, हा कायद्याचा भंग होय. कंपनीचे यात नुकसान नाही, कारण जो कर आकारलेलाच नाही त्याची वजावट बुडत नाही. केवळ या एका रकान्यासाठी स्वेच्छेने नोंदणी केल्यास, व्यवसाय कितीही लहान असला तरी, विवरणपत्रांचे काम कायमचे मागे लागते.

अर्जातील सर्वांत महत्त्वाची जागा बहुधा शेवटच्या पानावर असते: 'सूक्ष्म वा लघु उद्योग आहात काय?' आणि त्याखालीच छापलेली 'देयक मिळाल्यापासून ९० दिवसांत रक्कम' ही अट. या दोन ओळी एकत्र वाचल्या पाहिजेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु पुरवठादाराची रक्कम काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत दिली पाहिजे. करार नसल्यास १५ दिवसांत. ही मुदत देयक मिळाल्यापासून नव्हे, तर काम पोचल्यापासून मोजली जाते. कंपनीने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर मात्र हरकत दूर झाल्यापासून. म्हणून छापील ९० दिवसांवर स्वाक्षरी झाली तरी कायद्याची मर्यादा त्यावर मात करते.

हे संरक्षण मिळण्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती निःशुल्क असून आधारवर होते, आणि ज्यांना वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही त्यांना त्या क्रमांकाशिवायही करता येते. ती काम स्वीकारण्यापूर्वीच करावी. नंतरच्या नोंदणीचा लाभ आधीच्या कामाला मिळतो का, हा प्रश्न न्यायालयांत वादाचा ठरला आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर ६ टक्के धरला, तर ८०,००० रुपये ४५ दिवस उशिरा मिळाल्यास व्याज सुमारे १,८०० रुपये होते. कंपनीला अधिक बोचते ती दुसरी तरतूद: मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून मान्य होते. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेली ही तरतूद २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही आहे. तिची धार मार्चअखेर थकलेल्या देयकांपुरतीच असते. त्यामुळेच काही कंपन्या 'सूक्ष्म उद्योग नाही' असे घोषणापत्र मागतात. नोंदणी असताना त्यावर स्वाक्षरी करणे म्हणजे खोटे लिहून देऊन स्वतःचाच हक्क सोडणे.

उत्तर सौम्य भाषेतही देता येते: "उद्यम प्रमाणपत्र जोडले आहे. त्यानुसार रक्कम ४५ दिवसांत देण्याची अट नोंदवावी, ही विनंती." वर्षातील शुल्क ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असल्याने कंपनी ते व्यावसायिक शुल्क मानून १० टक्के आयकर कापेल. खात्यात ७२,००० रुपये जमा होतील आणि कापलेले ८,००० रुपये पॅनवर दिसतील. पॅन दिलाच नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. तरीही रक्कम अडली, तर दाद मागण्यासाठी पुण्यास जावे लागत नाही. पुरवठादार जेथे असेल तेथील सुविधा परिषदेपुढे तक्रार चालते, म्हणजे या प्रकरणात कर्नाटकात.