नायट्रोजन की साधी हवा? दुचाकीच्या चाकातलं खरं गणित

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात किंवा टायरच्या दुकानाबाहेर ‘नायट्रोजन’ असा फलक आता लहान गावांतही दिसतो. पूर्वी तो गाड्यावाल्यांसाठी होता, आता स्कूटर आणि मोटरसायकलवाल्यांनाही विचारणा होते: नायट्रोजन टाकू का? चाक थंड राहील, टायर फुटणार नाही, महिनोन्‌महिने हवा बघावी लागणार नाही, ॲव्हरेज वाढेल. एका चाकाचे दहा-वीस रुपये, कुठे त्याहून जास्त. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट मिळते, किंबहुना ती फुकट देणं पंपचालकावर बंधनकारक आहे. मग हे जादा पैसे नेमके कशाचे, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ऑक्सिजन २१ टक्के आणि उरलेल्या एका टक्क्यात आर्गॉनसारखे वायू. म्हणजे साध्या हवेवर चालणाऱ्या टायरमध्येही तीन चतुर्थांशांहून जास्त नायट्रोजन आधीपासून आहे. दुकानातलं यंत्र हवेतला बराचसा ऑक्सिजन आणि बाष्प वेगळं काढतं आणि ९५ टक्क्यांच्या आसपास शुद्ध नायट्रोजन देतं. आपण पैसे मोजतो ते या फरकासाठी.

तो फरकही पूर्ण पदरात पडतो असं नाही. टायरमधली हवा सोडली, चाक अगदी बसलं, तरी आत बाहेरच्या दाबाइतकी साधी हवा उरतेच. समजा मागच्या चाकात २९ पीएसआय दाब हवा आहे. वातावरणाचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो, म्हणजे आत उरलेल्या हवेच्या जवळपास दुप्पट नायट्रोजन वरून भरला जातो. एक भाग साधी हवा आणि दोन भाग ९५ टक्क्यांचा नायट्रोजन यांचं मिश्रण ८९ टक्क्यांच्या घरात येतं. चाक पुन्हा रिकामं करून पुन्हा भरलं, तर ते ९३ टक्क्यांवर जातं. हे दोनदा रिकामं करून भरणं म्हणजेच नायट्रोजन भरण्याची योग्य पद्धत. गर्दीच्या वेळी दुचाकीसाठी ती कितीदा पाळली जाते, हे आपल्याच डोळ्यांनी बघावं. चाक रिकामं न करताच पाईप लावून वरचे चार-पाच पीएसआय भरले असतील, तर आत मुख्यतः साधी हवाच आहे. वॉल्व्हवर बसवलेल्या हिरव्या टोपणावरून आतल्या वायूबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता दाव्यांकडे वळू. त्यातला एक खरा आहे. टायरचं रबर पूर्ण बंदिस्त नसतं, त्यातून वायू अतिशय सावकाश बाहेर झिरपतो आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा सुमारे तिपटीने लवकर झिरपतो. त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या चाकाचा दाब हळू उतरतो. पण किती हळू? ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकेतल्या ग्राहकहिताच्या मासिकाने २००७ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. कारचे ३१ प्रकारचे टायर त्यांनी ३० पीएसआयवर भरून वर्षभर ठेवून दिले. हवा भरलेल्या टायरांचा दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला, नायट्रोजन भरलेल्यांचा २.२ पीएसआयने. वर्षभरात फरक पडला १.३ पीएसआयचा.

दुचाकीचं चाक लहान असतं. दहा इंची रिमच्या स्कूटरच्या टायरमध्ये सहा-सात लिटरची पोकळी असते, त्यामुळे थोडा वायू गेला तरी दाब लवकर उतरतो. ट्यूब असलेल्या चाकात तो आणखी लवकर उतरतो. म्हणून हिशेब नायट्रोजनच्या बाजूने, उदारपणे करू. समजा साध्या हवेवर मागच्या चाकाचा दाब महिन्याला २ पीएसआयने उतरतो. वरच्या चाचणीच्याच प्रमाणात नायट्रोजनने ही घट एक तृतीयांशाहून थोडी जास्त कमी केली, तर महिन्याअखेरीस एका चाकात २७ पीएसआय असेल, दुसऱ्यात साधारण २७.७. दोन्ही चाकांना हवा हवीच आहे. पाऊण पीएसआयचा हा फरक कित्येक पंपांवरच्या मीटरला धड दाखवताही येणार नाही.

यात इंधन किती वाचतं? कारच्या बाबतीत अमेरिकी सरकारचा ठोकताळा असा, की चाकांचा सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटतं. तोच स्कूटरला लावून बघा. महिन्याला ५०० किलोमीटर, लिटरला ४५ किलोमीटर आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर महिन्याचं पेट्रोल अकराशे रुपयांचं. पाऊण पीएसआयच्या फरकाने त्यातले दोन रुपयेही वाचत नाहीत. त्या बदल्यात दोन चाकांना दरमहा वीस ते चाळीस रुपये, म्हणजे वर्षाला अडीचशे ते पाचशे रुपये जातात.

‘टायर थंड राहतो आणि फुटत नाही’ हा दावा सर्वांत जास्त विकला जातो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्यांनंतर तर नायट्रोजनचं नाव घरोघरी पोहोचलं. त्या मार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही, पण भीती मात्र दुचाकीस्वारापर्यंत आली. यातलं विज्ञान साधं आहे. बंद जागेतला कोणताही कोरडा वायू तापला की त्याचा दाब एकाच नियमाने वाढतो. सकाळी २७ अंशांवर २९ पीएसआय भरलेलं चाक दुपारी रस्त्यावर ५७ अंशांपर्यंत तापलं, तर दाब ३३ पीएसआयच्या थोडा वर जातो. आत नायट्रोजन असो वा हवा, आकडा तोच येतो. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते.

फरक पडतो तो पाण्याने. कंप्रेसरच्या टाकीत हवा दाबली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन तळाशी साचतं. टाकी रोज खालून रिकामी केली, तर वरची हवा बऱ्यापैकी कोरडी मिळते. ती केली नाही, तर पाण्याचे थेंब पाईपातून थेट चाकात जातात, उष्णतेने त्यांची वाफ होते आणि दाब थोडा जास्त वाढतो. लोखंडी रिमला आणि वॉल्व्हच्या पिनेलाही ओल बाधते. हे ओळखणं सोपं आहे: पाईपाचं तोंड क्षणभर तळहातावर सोडून बघा. हात ओला झाला, तर तिथे हवा भरू नका. कोरडी हवा देणारा कंप्रेसर मिळाला, की नायट्रोजनचा हा फायदाही फुकटात मिळतो.

नायट्रोजन अटळ आहे अशी ठिकाणं आहेत. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकानाचं बोईंग ७२७ विमान कोसळून १६७ जणांचा जीव गेला. अति तापलेल्या ब्रेकमुळे, साधी हवा भरलेल्या चाकाचा हवेतच स्फोट झाला होता. इतक्या उष्णतेत टायरच्या रबरातून ज्वालाग्राही वाफा निघतात आणि आतला ऑक्सिजन त्यांना पेटवतो. म्हणून मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांहून जास्त नसावा, असा अमेरिकेचा नियम आहे. आपल्या स्कूटरचं चाक या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

रस्त्यावरचा टायर बहुधा फुटतो तो आतल्या वायूमुळे नाही, तर कमी दाबामुळे, जास्त ओझ्यामुळे किंवा झिजल्यामुळे. दाब कमी असला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने रबर तापतं आणि आतले धागे सैल होतात. इथेच नायट्रोजनची खरी किंमत कळते. ‘आता तीन महिने बघायला नको’ आणि ‘यात साधी हवा मिसळू नका’ या दोन सल्ल्यांमुळे माणूस उतरलेल्या चाकावर आठवडेच्या आठवडे फिरत राहतो, कारण नायट्रोजनचं दुकान वाटेत लागत नाही. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर काहीही बिघडत नाही, फक्त नायट्रोजनचं प्रमाण थोडं घटतं. खिळा मात्र दोन्ही चाकांत सारखाच घुसतो.

मग करायचं काय? आपल्या गाडीसाठीचा दाब स्टिकरवर किंवा पुस्तिकेत बघा. अनेक ११० सीसी स्कूटरना पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि मागे कोणी बसणार असेल तर ३६ पीएसआय लागतात. मागच्या चाकाचा हा सात पीएसआयचा फरक नायट्रोजनने महिन्याभरात वाचवलेल्या दाबाच्या कित्येक पट आहे, आणि जोडीने फिरणारे बरेचजण तो पाळत नाहीत. दाब सकाळी, गाडी फार चालवण्याआधी तपासा. तापलेल्या चाकात आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर ते चाक कमी दाबाचं निघेल. तीन-चारशे रुपयांत स्वतःचा प्रेशर गेज मिळतो. त्यावर पंधरा दिवसांनी एकदा दोन्ही चाकं बघितली, की पंपावरचा मीटर खरा बोलतो की नाही हेही कळतं.

आकडे लिहून ठेवलेत तर चाक स्वतःच आपली तक्रार सांगतं. दोन्ही चाकांचा दाब महिन्याला एक-दोन पीएसआयने उतरत असेल, तर ते रबराचं नेहमीचं झिरपणं आहे. एकच चाक आठवड्यात तीन-चार पीएसआय गमावत असेल, तर बारीक पंक्चर, सैल पिन, तडकलेला वॉल्व्ह किंवा ट्यूबलेस टायरची रिमवरची कड यांपैकी काहीतरी गळतंय. वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पिन बदलायला फारसा खर्च येत नाही. अशा चाकात नायट्रोजन भरणं म्हणजे गळती झाकून तिचे दरमहा पैसे देणं.

सर्व्हिसिंगसोबत नायट्रोजन फुकट मिळत असेल, तर जरूर घ्या, त्याने नुकसान काहीच नाही. पण रोजच्या दुचाकीसाठी वेगळे पैसे मोजावेत इतका त्याचा फायदा नाही. वर्षभराच्या नायट्रोजनच्या पैशांत एक चांगला गेज येतो. तो घ्या, आणि पंपावरची फुकटची हवा योग्य दाबाने, नियमाने भरा.