नाव नवं, संघ तोच

माटुंग्याच्या व्हीजेटीआयचं नाव १९९७ मध्ये बदललं, हे तिथल्या अनेक जुन्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगावं लागतं. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निघालेली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ त्या वर्षी ‘वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ झाली. इंग्रजी आद्याक्षरं मात्र तीच राहिली. त्यामुळे आपण कुठे शिकलो हे सांगताना १९६५चा आणि २००५चा विद्यार्थी एकच नाव घेतात. पुण्याच्या सीओईपीनेही २०२२ मध्ये विद्यापीठ होताना ती चार अक्षरं सोडली नाहीत. उलट तीच विद्यापीठाच्या नावाच्या सुरुवातीला आली.

सगळ्यांनाच असं जमत नाही. कोलकात्याजवळच्या शिबपूरचं अभियांत्रिकी महाविद्यालय १८५६चं. २००४ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं आणि २०१४ मध्ये ते केंद्राच्या अखत्यारीतली राष्ट्रीय महत्त्वाची संस्था बनलं. दर वेळी नाव बदललं. अशा ठिकाणी माजी विद्यार्थी संघाने कोणतं नाव लावायचं? कुणाच्या पदवीवर एक नाव असतं, कुणाच्या पदवीवर दुसरं, आणि संघ तर दोघांचाही असतो. नाव बदलायचं ठरलं, की ते एक दिवस स्नेहमेळाव्याच्या व्यासपीठावरून सांगावं लागतं. ते भाषण आठ-दहा मिनिटांचं असतं, पण त्यामागे काही महिन्यांचं काम असतं. ते काम झालं आहे की नाही, हे भाषण ऐकताना लगेच कळतं.

महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातलं कॉलेज डोळ्यांपुढे आणू. समजा, ते १९६२ मध्ये ‘कला व वाणिज्य महाविद्यालय’ म्हणून सुरू झालं. पुढे विज्ञान शाखा आली. नंतर एका देणगीदाराने मोठी रक्कम दिली आणि कॉलेजला त्यांच्या वडिलांचं नाव लागलं. मधल्या काळात जुन्या विद्यार्थ्यांनी संघ नोंदवला होता, तो ‘कला-वाणिज्य महाविद्यालय माजी विद्यार्थी संघ’ या नावाने. आता विज्ञानाच्या बॅचेस मेळाव्याला येतात, जेवतात, फोटो काढतात, पण आजीव सदस्य होत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “संघ कला-वाणिज्यवाल्यांचा आहे ना?” नाव बदलायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि भाषणात सांगायचं कारणही हेच. ‘काळाची गरज’ किंवा ‘नवी ओळख’ असलं मोघम काही सांगितलं, तर मागच्या रांगेतल्या जुन्या बॅचला एवढंच ऐकू येतं, की आपलं नाव कुणाला तरी जुनाट वाटलं.

मग नवं नाव काय ठेवायचं? पहिला विचार साहजिकच कॉलेजच्या सध्याच्या नावाचा येतो. पण ते नाव लागण्याआधी शिकून गेलेल्यांच्या गुणपत्रिकेवर ते कुठेच नाही. विज्ञानवाल्यांना आत घेताना सगळ्यात जुने सदस्य बाहेर पडल्यासारखे होतील. शिवाय कॉलेजचं नाव उद्या आणखी एकदा बदललं, तर संघाला पुन्हा याच वाटेने जावं लागेल. म्हणून अशा वेळी गावाचं नाव कामाला येतं. कॉलेजच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, सगळ्या बॅचेस एकाच एसटी स्टँडवर उतरून कॉलेजला गेलेल्या असतात. गावाचं नाव, त्यापुढे ‘महाविद्यालय माजी विद्यार्थी संघ’ आणि शाखेचा उल्लेख नाही, इतकं साधं नाव सगळ्यांना सामावून घेतं. गावात दुसरं कॉलेज असेल तर मात्र हे नाव चालणार नाही. मग वेगळेपण दाखवणारा एखादा शब्द शोधावा लागतो, आणि त्यासाठी दोन-तीन पर्याय आधीच तयार ठेवावे लागतात.

पर्याय लागतात ते आणखी एका कारणाने. आपल्याकडे असे संघ सहसा १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात आणि महाराष्ट्रात त्यांची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद असते. आधीच नोंदलेल्या एखाद्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव निबंधक नाकारू शकतात. संघ सरकारी आहे किंवा सरकारचा त्याला आश्रय आहे असं भासवणारं नावही अडतं. नावात कॉलेजचा उल्लेख असेल तर संस्थाचालकांचं लेखी संमतीपत्र घेऊन ठेवणं शहाणपणाचं. पुढे मतभेद झाले तर तोच कागद उपयोगी पडतो.

इथे एक चूक वारंवार होते. मेळाव्याला तीनशे लोक जमलेले असतात, वातावरण छान असतं, आणि कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणतं, “नवं नाव मंजूर असेल तर हात वर करा.” सगळे हात वर करतात, टाळ्या पडतात आणि नाव बदललं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. मेळाव्यात सदस्य असतात तसे सदस्य नसलेलेही असतात, कुणाची बायको, कुणाचा नवरा, कुणाची मुलं असतात. नाव बदलायचं तर त्यासाठी रीतसर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. मुदतीत नोटीस जावी लागते, विषयपत्रिकेवर नावबदलाचा विषय स्पष्ट लिहिलेला असावा लागतो, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात यावी लागतात, आणि कायद्याने व संघाच्या नियमावलीने सांगितलेलं बहुमत मिळावं लागतं. साध्या ठरावापेक्षा हे बहुमत मोठं असतं, त्यामुळे दुसऱ्या गावी राहणाऱ्या सदस्यांशी आधीपासून बोलणं झालेलं असावं लागतं.

ठराव झाल्यावर कागद निबंधकांकडे जातात आणि बदललेल्या नावाचं प्रमाणपत्र मिळतं. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्जही द्यावा लागतो. त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. त्याची मुदत बदल झाल्यापासून ९० दिवसांची असते. त्यानंतर पॅन, बँक खातं आणि प्राप्तिकर सवलतीच्या नोंदी नव्या नावावर कराव्या लागतात. हा क्रम चुकला की त्रास देणगीदाराला होतो. त्याने मेळाव्यात ऐकलेल्या नावाने धनादेश लिहिलेला असतो आणि खातं जुन्याच नावाचं असतं, म्हणून बँक तो परत करते. किंवा पावतीवर एक नाव आणि पॅनवर दुसरं, आणि सवलत मागताना त्याला खुलासे करत बसावं लागतं.

म्हणून व्यासपीठावर येणाऱ्या अध्यक्षांनी काम कुठवर आलं आहे ते जसंच्या तसं सांगावं. प्रमाणपत्र हातात असेल तर “आजपासून आपल्या संघाचं नाव अमुक आहे” असं म्हणता येतं. नसेल तर “सभेत ठराव मंजूर झाला आहे, नोंदणी व्हायची आहे, तोवर व्यवहार जुन्याच नावाने होतील” हे वाक्य ठेवावंच लागतं. ऐकायला ते रुक्ष वाटतं, पण धनादेश परत येण्यापेक्षा बरं.

घोषणेची वेळही ठरवून घ्यावी. दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक झाल्यावर, सत्कारांच्या आधी ती केलेली बरी. सत्कार सुरू झाले की लोक आपापल्या बॅचकडे वळतात, आणि जेवणाची वेळ झाली की कुणाचंच लक्ष राहत नाही.

भाषणाची सुरुवात जुन्या नावापासून व्हावी. संघ कुणी आणि कसा उभा केला, पहिली वर्गणी कशी गोळा झाली, हे दोन मिनिटांत सांगावं, आणि संस्थापकांपैकी कुणी समोर असतील तर त्यांचं नाव घेऊन सांगावं. मग अडचण यावी: “आपल्या संघाच्या नावात कला आहे, वाणिज्य आहे. विज्ञान शाखेतून इतक्या बॅचेस बाहेर पडल्या, पण नावात त्यांना जागा नाही. जुन्या मंडळींनी नाव ठेवलं तेव्हा त्यांना विज्ञान शाखा वगळायची नव्हती. त्यांच्या वेळी जे होतं ते त्यांनी लिहिलं.” या शेवटच्या दोन वाक्यांमुळे जुन्या बॅचवरचा ठपका निघून जातो. त्यानंतर कोणती नावं विचारात घेतली आणि का सोडली, हे मोकळेपणाने सांगावं. देणगीदारांच्या घरातलं कुणी समोर बसलेलं असेल तर हा भाग नाजूक होतो. अशा वेळी “कॉलेजच्या पाटीवरचं नाव आहे तसंच राहील, त्याबद्दल आम्हाला कृतज्ञता आहे. संघाचं नाव सगळ्या बॅचेसना लागू व्हावं म्हणून गावाचं घेतलं,” इतकं पुरतं. त्यांच्याशी हे बोलणं मेळाव्याच्या आधीच झालेलं असावं, हे वेगळं सांगायला नको.

मग नवं नाव सांगावं, सावकाश, दोनदा, आणि त्याच वेळी ते पडद्यावर दिसावं. भाषण मात्र इथे संपू नये. लोक टाळ्या वाजवतात, पण त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो: माझ्या सदस्यत्वाचं काय? आईच्या नावाने ठेवलेल्या बक्षिसाच्या ठेवीचं काय? नाव बदललं म्हणून संस्था नवी होत नाही. तिची मालमत्ता, देणी आणि करार तसेच पुढे चालतात. म्हणून भाषणाचा शेवटचा भाग या उत्तरांसाठी राखून ठेवावा: “तुमची आजीव सदस्यत्वाची पावती चालू आहे. स्मृती पारितोषिकं त्याच नावांनी दिली जातील. ज्यांनी मृत्युपत्रात संघाचं जुनं नाव लिहिलं आहे, त्यांनी सवड मिळेल तेव्हा नवं नाव लिहून घ्यावं. नावबदलाच्या प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात मिळेल.” शंका असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळी कुणाला भेटायचं, हेही नाव घेऊन सांगावं.

असं असूनही काही जण नाराज राहतात. नाराजी पुढच्या वर्षीच्या उपस्थितीत दिसते. एखादी जुनी बॅच वेगळं जेवण ठरवू लागली किंवा जुन्या नावाने दुसरा संघ नोंदवायची भाषा करू लागली, तर समजावं की नावाची चर्चा मोजक्या पदाधिकाऱ्यांपुरतीच झाली होती. त्यावर भाषणाने काही होत नाही. आधीच्या मेळाव्यात प्रश्न मांडून, वर्षभर सूचना मागवून पुढच्या मेळाव्यात घोषणा केली, तर हा फुटीचा धोका पुष्कळ कमी होतो.

तुमच्या कॉलेजच्या संघात नावाचा विषय निघाला असेल, तर आधी सदस्यांची यादी शाखेनुसार आणि वर्षानुसार लावून बघा. कोणत्या बॅचेस गायब आहेत ते दिसलं की कारणही सापडेल आणि नावही. यादीत सगळेच असतील, तर मात्र नाव बदलू नका.