एका ठोक्यात दोन सूचना

प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्याला एक सायकल म्हणतात. साधा पाइपलाइन प्रोसेसर प्रत्येक सायकलला जास्तीत जास्त एक सूचना मार्गी लावतो. सुपरस्केलर प्रोसेसर एकाच सायकलला एकाहून अधिक सूचना सुरू करू शकतो आणि त्यातला सर्वांत साधा प्रकार दोन सूचनांचा, म्हणजे ड्युअल-इश्यू. इंटेलने 1993 मध्ये बाजारात आणलेला पेंटियम याच जातीचा होता. त्याच्या दोन पाइपलाइनना यू आणि व्ही अशी नावे होती. रास्पबेरी पाय 3 या छोट्या संगणकातला एआरएम कॉर्टेक्स-ए53 हाही ड्युअल-इश्यूच.

सूचना दोन-दोन सुटल्या म्हणजे काम दुप्पट वेगाने होते, असे मात्र नाही. प्रत्यक्षात दर सायकलला सरासरी किती सूचना सुटल्या, हे आयपीसी या आकड्यावरून कळते: एकूण सूचनांना एकूण सायकलींनी भागायचे. ड्युअल-इश्यू यंत्रात तो 2 च्या पुढे जाऊ शकत नाही. तो 2 च्या किती जवळ जाईल, हे बव्हंशी सूचनांच्या क्रमावर ठरते.

हे पाहण्यासाठी एक नमुना यंत्र घेऊ. त्यात दर सायकलला दोन जागा आहेत. एका जागेत गणिती सूचना किंवा ब्रँच बसते, दुसरीत फक्त मेमरीतून वाचणारी किंवा मेमरीत लिहिणारी सूचना. सूचना लिहिलेल्या क्रमानेच सुटतात. पुढची अडली तर मागची तिला ओलांडत नाही. गणिताचे उत्तर पुढच्याच सायकलला वापरता येते, पण मेमरीतून आणलेली किंमत मध्ये एक सायकल सोडून मिळते. एकाच सायकलला सुटणाऱ्या दोन सूचनांपैकी दुसरीला पहिलीचे उत्तर लागत असेल तर त्यांची जोडी जमत नाही. ब्रँचचा अंदाज नेहमी बरोबर येतो, असेही धरू.

आता दोन अ‍ॅरेंमधल्या संख्यांची बेरीज तिसऱ्या अ‍ॅरेत ठेवणारा लूप RISC-V च्या असेंब्लीत असा लिहिता येतो:

```
loop: lw   t0, 0(a0)
      lw   t1, 0(a1)
      add  t2, t0, t1
      sw   t2, 0(a2)
      addi a0, a0, 4
      addi a1, a1, 4
      addi a2, a2, 4
      bne  a0, a3, loop
```

`lw` मेमरीतून संख्या आणते, `sw` ती मेमरीत ठेवते, तीन `addi` पत्ते चार बाइटने पुढे सरकवतात आणि `bne` लूप पुन्हा सुरू करते. एका फेरीत आठ सूचना आहेत.

या क्रमाने चालवल्यास पहिल्या सायकलला फक्त पहिली `lw` सुटते, कारण दुसरीलाही मेमरीचीच जागा हवी आहे. ती दुसऱ्या सायकलला सुटते. `add` ला `t1` हवा असल्याने तिसरी सायकल पूर्ण रिकामी जाते आणि बेरीज चौथ्या सायकलला होते. पाचवीत `sw` आणि पहिली `addi` यांची जोडी जमते. साऱ्या फेरीतली ही एकमेव जोडी. उरलेल्या तीन सूचनांना गणिती जागाच हवी असल्याने त्यांना सहावी, सातवी आणि आठवी अशा तीन स्वतंत्र सायकली लागतात. आठ सूचना, आठ सायकली: आयपीसी 1. एकेरी यंत्राला याच कामासाठी नऊ सायकली लागल्या असत्या. म्हणजे दुसरी जागा असूनही वाचली ती एकच सायकल.

सूचना त्याच ठेवून क्रम बदलला की चित्र पालटते:

```
सायकल   गणिती            मेमरी
1       addi a0, a0, 4   lw t0, 0(a0)
2       addi a1, a1, 4   lw t1, 0(a1)
3       addi a2, a2, 4   -
4       add  t2, t0, t1  -
5       bne  a0, a3      sw t2, -4(a2)
```

प्रत्येक जोडीत मेमरीची सूचना आधीची मानली आहे, त्यामुळे `lw` ला `a0` ची जुनीच किंमत मिळते. `t1` ची वाट पाहण्यात वाया जाणारी तिसरी सायकल आता `a2` सरकवण्यात कामी आली. `a2` आधीच चारने पुढे गेल्यामुळे `sw` मधले अंतर 0 ऐवजी -4 करावे लागले. हे विसरले तर लूप वेगाने चालतो, पण उत्तर चुकीच्या जागी लिहितो. आठ सूचना पाच सायकलींत, म्हणजे आयपीसी 1.6. यापुढे नुसत्या क्रमबदलाने काही साधणार नाही, कारण पाच सूचनांना गणिती जागा हवी आहे आणि ती सायकलला एकच मिळते.

पुढची पायरी लूप उलगडण्याची. एका फेरीत दोन बेरजा केल्या की पत्ते आठ-आठ बाइटने सरकवता येतात आणि ते सरकवणे व ब्रँच दोन बेरजांमागे एकदाच करावे लागते. दुसऱ्या बेरजेला वेगळी रजिस्टरे द्यावी लागतात, नाहीतर ती पहिलीत अडकते.

```
सायकल   गणिती            मेमरी
1       addi a2, a2, 8   lw t0, 0(a0)
2       -                lw t1, 0(a1)
3       addi a0, a0, 8   lw t2, 4(a0)
4       add  t4, t0, t1  lw t3, 4(a1)
5       addi a1, a1, 8   sw t4, -8(a2)
6       add  t5, t2, t3  -
7       bne  a0, a3      sw t5, -4(a2)
```

बारा सूचना सात सायकलींत, आयपीसी सुमारे 1.71. आधीच्या 1.6 च्या तुलनेत ही वाढ जेमतेम सात टक्के दिसते. पण एका बेरजेला लागणारा वेळ पाहिला तर तो 5 सायकलींवरून 3.5 वर आला, म्हणजे 30 टक्क्यांनी घटला. याचे कारण एका बेरजेमागच्या सूचनाच आठवरून सहावर आल्या. म्हणून दोन प्रोग्रॅमची तुलना केवळ आयपीसीवरून करता येत नाही. निरुपयोगी सूचना भरूनही आयपीसी वाढवता येतो. खरा हिशेब कामाला लागलेल्या सायकलींचा.

या मांडणीला मर्यादा आहेत. उलगडलेल्या लूपमध्ये दुसऱ्या बेरजेच्या संख्या पहिली बेरीज लिहिण्याआधीच वाचल्या जातात. उत्तराचा अ‍ॅरे मूळ अ‍ॅरेवर एका घराने सरकून पडत असेल, तर जुनी किंमत वाचली जाऊन उत्तर चुकते. अ‍ॅरे वेगळे असल्याची खात्री कंपायलरला नसते, म्हणून तो एकतर असा बदल टाळतो किंवा आधी पत्ते तपासतो. सी भाषेत ही खात्री `restrict` या शब्दाने देता येते. संख्यांची मोजदाद विषम असेल, तर उरलेल्या एका बेरजेसाठी वेगळा कोडही लागतो.

दुसरी अडचण कॅशेची. कॅशेच्या 64 बाइटच्या एका ओळीत चार बाइटच्या 16 संख्या मावतात. समजा पाच सायकलींच्या लूपमध्ये एका अ‍ॅरेची ओळ दर 16 फेऱ्यांत एकदा कॅशेत सापडली नाही आणि ती आणायला 100 सायकली गेल्या. मग 128 सूचनांना 80 ऐवजी 180 सायकली लागतात आणि आयपीसी 0.71 वर येतो. क्रमाने चालणारे यंत्र तेवढा वेळ थांबूनच राहते.

लिनक्सवर `perf stat` ही आज्ञा सूचना आणि सायकली दोन्ही मोजते आणि त्यांचे गुणोत्तर `insn per cycle` या नावाने दाखवते. कागदावरच्या हिशेबाने 1.6 यायला हवा आणि पडद्यावर 0.7 दिसतो, असे झाले तर दोष बहुधा सूचनांच्या क्रमात नसून मेमरीच्या वाटेवर असतो. मोठ्या अ‍ॅरेऐवजी कॅशेत मावेल असा छोटा अ‍ॅरे वारंवार वापरून तीच मोजणी केली आणि आकडा वर गेला, की त्याची खात्री पटते.