डिझायनर हवा की नको?

फ्लॅट जुना असेल तर आधी एकच पाहावं: फरशीखाली आणि भिंतीआड हात घालायचा आहे का? रंग, पडदे, कपाटं एवढंच असेल तर चांगला सुतार आणि रंगारी पुरतो. डिझायनरची फी तिथे वायाच.

पण समजा, सातशे चौरस फुटांच्या टू बीएचकेत बाथरूम फोडायचं आहे आणि ओट्याची दिशा बदलायची आहे. आता प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी, सुतार यांचा क्रम सांभाळावा लागतो. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी किमान चोवीस तास साठवून खालच्या घराचं छत तपासायचं, मगच टाइल. चिमणीचा पॉइंट ओट्याच्या नकाशाआधी काढला, तर भिंत पुन्हा फोडावी लागते. नोकरी सांभाळून रोज साइटवर जाणं जमणार नसेल, तर इथे डिझायनर परवडतो. मात्र फर्निचरवाल्याकडून कमिशन घेणार का, हे आधीच विचारा आणि लेखी घ्या.

भिंत पाडायची असेल तर डिझायनरचा शब्द पुरेसा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि सोसायटीची परवानगी घ्याच.